मदत हवी आहे: 'डीएनआर' घरच्यांना मराठीत कसं सांगायचं?

सिस्टर_सांगलीकडची

नमस्कार मंडळी, मी सांगली जिल्ह्यात एका हॉस्पिटलला आयसीयूत सिस्टर आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

७६ वर्षांचे आजोबा, फुफ्फुसाचा कॅन्सर, लिव्हर आणि हाडांत पसरलेला, किमो झेपली नाही म्हणून बंद केलेली. न्यूमोनिया होऊन दम लागला म्हणून आणलं, मास्कने ऑक्सिजन चालू. सरांनी राऊंडला सांगितलं की आजार शेवटच्या टप्प्यात आहे, डीएनआरचा विचार करा, आणि ते इमर्जन्सीला गेले. थोरला मुलगा माझ्याकडे आला, "सिस्टर, ते डीएनआर म्हणजे काय असतं ओ?" मी म्हटलं, हृदय बंद पडलं तर परत जिवंत करायचा प्रयत्न करायचा नाही. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे जिवंत करता येतंय, पण तुम्ही करणार नाही?" मी गडबडले, म्हटलं तसं नाही दादा, आपण फक्त कम्फर्ट केअर देऊ. मागून त्यांची बहीण रडत म्हणाली, "म्हणजे आता काहीच करणार नाहीत." त्यांनी 'सगळं करा' असं लिहून सही केली.

तिसऱ्या रात्री अरेस्ट झाला. आम्ही पंचवीस मिनिटं सीपीआर दिला, माझ्या तळव्याखाली बरगडी मोडलेली मला कळली. हृदय चालू झालं, नळी घातली, दुसऱ्या दिवशी दुपारी ते व्हेंटिलेटरवरच गेले, घरचे काचेच्या बाहेर.

माझे शब्द चुकले हे मला कळतंय, पण बरोबर शब्द कुठले? आमच्याकडे मास्क, मॉनिटर, व्हेंटिलेटर सगळ्यालाच 'मशीन' म्हणतात, त्यामुळे कुणी 'मशीन नको' म्हटलं तरी नेमकं काय नको ते समजत नाही.

तात्या_जत

ताई, वाईट वाटलं वाचून. पण आपल्याकडे डीएनआर कायद्यात बसत नाही, कोर्टाची परवानगी लागते. अरुणा शानबागच्या केसमध्ये तेच झालं होतं. उद्या नातेवाईक उलटले तर नोकरी जाईल, तुम्ही त्यात पडू नका.

डॉ_वेदनामुक्त

मी पुण्यात पॅलिएटिव्हचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात हाल कमी करायचं काम करतो. सिस्टर, 'परत जिवंत करायचं नाही' यात आपण एक खोटं वचन देऊन बसतो, की करता आलं असतं. कॅन्सर इतका पसरल्यावर हृदय थांबतं ते आजार शेवटच्या टप्प्याला पोचल्यामुळे, छाती दाबून तो आजार मागे जात नाही. म्हणून मी आधी विचारतो, "आजोबांच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय?" आणि ऐकून घेतो. मग साधारण असं म्हणतो: "आजार आता औषधाच्या हाताबाहेर गेलाय. थोड्या दिवसांत त्यांचा श्वास मंद होत जाईल आणि हृदय आपसूक थांबेल. तेव्हा आम्ही छाती दाबणार नाही, शॉक देणार नाही, घशात नळी घालणार नाही, कारण त्याने ते वाचणार नाहीत, हाल मात्र होतील. तोपर्यंत ऑक्सिजन, दुखण्याचं आणि दम लागण्याचं औषध, अंग पुसणं, कूस बदलणं सगळं चालू राहील, आणि तुम्ही जवळ बसायचं."

'फक्त' हा शब्द तर काढूनच टाका. 'उपशामक उपचार' कागदावर ठीक आहे, कॉटशेजारी कुणाला कळत नाही. 'हाल होऊ द्यायचे नाहीत' हे सगळ्यांना कळतं. आणि "सगळं करायचं का?" हा प्रश्न विचारूच नये, बापासाठी नाही कोण म्हणेल? "आजोबा स्वतः बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?" असं विचारा, म्हणजे निर्णयाचं ओझं एकट्या मुलाच्या डोक्यावर येत नाही. आजोबा शुद्धीत असतील तर आधी त्यांनाच विचारायचं, हे आपण नेहमी विसरतो.

'मशीन' म्हणू नका, वस्तूला हात लावून दाखवा. हा नाकावरचा मास्क, हा राहील. ती घशातली नळी, ती लावली की बोलता येत नाही, हात बांधायची वेळ येते.

तात्या, तुम्ही म्हणताय ते २०११ चं आहे, तेव्हा हायकोर्टाची परवानगी लागेल असं ठरलं होतं. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ते बदललं आणि जानेवारी २०२३ ला आणखी सोपं केलं. आता लावलेलं व्हेंटिलेटर काढायचं तर तीन डॉक्टरांचं एक बोर्ड, मग तीन डॉक्टरांचं दुसरं बोर्ड, घरच्यांची संमती, आणि मॅजिस्ट्रेटना कळवणं. कळवणं, परवानगी मागणं नव्हे. सीपीआर द्यायचा नाही एवढ्यापुरती आयसीएमआरची २०२० ची वेगळी मार्गदर्शक सूचना आहे, त्यात उपचार करणारे डॉक्टर घरच्यांशी बोलून फॉर्म भरतात. पण हे डॉक्टरांचं काम आहे, सिस्टरवर ढकलायचं नाही. तुमच्या सरांनी खुर्ची घेऊन बसायला हवं होतं.

स्नेहल_म

आमच्या आईचं आठवलं. आम्हाला कुणी डीएनआर शब्दच सांगितला नाही, "आता घरी न्या, सेवा करा" एवढंच, आणि डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा कागदावर सही. घरी आणल्यावर दोन दिवस ती श्वासासाठी तडफडत होती, आमच्याकडे एक गोळी नव्हती. घशात घरघर सुरू झाली तेव्हा भावाला वाटलं ती बुडतेय, तो अजून त्यावर बोलत नाही. मॉर्फिन दिलं असतं तर ती लगेच गेली असती म्हणतात, ते खरं का?

डॉ_वेदनामुक्त

स्नेहलताई, नाही. दम लागण्यासाठी आम्ही तोंडाने अडीच मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसने दर चार तासांनी सुरू करतो आणि बघत बघत वाढवतो, सोबत पोट साफ होण्याचं औषध. जीव आजाराने जातो. घरघर होते ती लाळ गिळता न आल्याने, कुशीवर वळवलं की बरीच कमी होते. तोवर माणूस बहुतेक बेशुद्ध असतो, ऐकणाऱ्याला जास्त त्रास होतो. हे तुमच्या भावाला जरूर सांगा. आणि डामा म्हणजे पॅलिएटिव्ह नव्हे, तुमच्या हातात औषधं आणि फोन नंबर द्यायला हवा होता.

अभि_नाशिक

माझ्या सासऱ्यांना आठवड्यात तीन डायलिसिस आहेत, ते पण लाईफ सपोर्टच ना? मग डीएनआर केलं की डायलिसिस बंद होणार का? बिलाचं पण टेन्शन आहे.

सिस्टर_सांगलीकडची

अभिदादा, मला कळलं तसं त्या फॉर्मने फक्त सीपीआर थांबतो, डायलिसिसचं वेगळं बोलावं लागेल, डॉक्टर सांगतीलच.

सर, तुमचं वाचून काल एका आजींच्या मुलीशी बोलले. आमचे सर पण बसले या वेळी. 'हाल होऊ देणार नाही' म्हटल्यावर ती पहिल्यांदा रडायची थांबली आणि म्हणाली, "मग आईच्या तोंडात पाणी घालू का?" मी ओल्या गॉजने ओठ कसे ओले करायचे ते दाखवलं, घोट दिला तर ठसका लागेल म्हणून. पण तिचा भाऊ म्हणतो उपाशी मारताय, सलाईन वाढवा. पाय आधीच सुजलेत. आणि त्याने विचारलं, "तीन दिवस व्हेंटिलेटर लावून बघू, नाही जमलं तर काढू, चालेल का?" सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे.

डॉ_वेदनामुक्त

सलाईनचं सुजलेले पाय बोटाने दाबून दाखवा, पडलेला खड्डा त्याला दिसेल, म्हणावं शरीर पाणी घेईना झालंय, ते असं साठतंय. भूक गेली म्हणून खाणं सुटतं, खाणं सुटलं म्हणून माणूस जात नाही, हे दोनतीनदा सांगावं लागतं.

'लावून बघू' चं उत्तर अवघड आहे. तत्त्व म्हणून ते योग्य आहे, पण तुमच्याकडे दुसरं बोर्ड वेळेवर जमणार नसेल तर 'काढू' हे वचन देऊ नका. जिल्ह्यातून त्या बोर्डावर कोण येतं ते तुमच्या सरांनी आधी विचारून ठेवायला हवं. इथे दुसऱ्या जिल्ह्यांतले कुणी आहेत का, ज्यांच्याकडे हे खरंच जमलंय?

तात्या_जत

२०२३ चं मला माहीत नव्हतं. पण गावाकडं मॅजिस्ट्रेटचं नाव निघालं की माणूस उठून जातो. ते कसं सांगायचं, ते पण लिहा.