जनरल कंट्रोल्स: ‘सामान्य’, ‘सर्वसाधारण’ की आणखी काही?

ओळीमधली
एका लेखापरीक्षण अहवालाचं मराठी करते आहे. ‘आयटी जनरल कंट्रोल्स’साठी मी ‘माहिती तंत्रज्ञानाची सामान्य नियंत्रणे’ असं लिहिलं होतं. मसुदा परत आला तेव्हा हिशेब विभागाच्या प्रमुखांनी त्या मुद्द्याशेजारी शेरा मारला होता: ‘बाब सामान्य असल्याने परिशिष्टात घ्यावी.’ मुद्दा होता हिशेबाच्या प्रणालीत परवानगीशिवाय झालेल्या बदलांचा. त्यांनी ‘सामान्य’चा अर्थ किरकोळ असा घेतला, आणि शब्द माझा असल्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. ‘सर्वसाधारण’ लिहू का? की जनरल कंट्रोल्सच ठेवू? त्याच परिच्छेदात ‘रिलाय’ आहे. त्याला मी ‘विश्वास ठेवणे’ केलंय, तेही खटकतंय.

मात्रा_वेलांटी
‘सामान्य’ हा शब्द मुळात अगदी बरोबर आहे, वापरून वापरून त्याचा अर्थ घसरला इतकंच. व्याकरणातलं सामान्यनाम आठवा. ‘नदी’ हे सामान्यनाम, म्हणजे ती किरकोळ नदी नव्हे. त्या जातीच्या सगळ्यांना लागू पडणारं नाव. त्याच्या समोर विशेषनाम उभं असतं. तुमच्या अहवालात ‘सामान्य’समोर ‘विशेष’ काय आहे ते आधी सांगा. जोडी कळली की शब्द सापडतो.

‘सर्वसाधारण सभा’ यातही तोच अर्थ आहे: सर्व सभासदांची सभा. म्हणून ‘सर्वसाधारण नियंत्रणे’ला माझं मत. पण ‘सर्वसाधारण माणूस’ म्हटलं की तोही घसरतोच, हे मान्य.

स्क्रिप्टवाला
इतकं कशाला? ‘संगणकीय नियंत्रणे’ लिहा. बिल आणि ऑर्डर जुळत नसेल तर प्रणाली बिल अडवते, तेच ना? माणसाने केलं तर ते मानवी नियंत्रण, प्रोग्रॅमने केलं तर संगणकीय. प्रोग्रॅमचं एक बरं असतं, एकदा तपासला की झालं. तो कंटाळत नाही, रजेवर जात नाही.

ताळेबंद
स्क्रिप्टवाला, तुमचं ‘एकदा तपासला की झालं’ हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्यातच या शब्दाचा अर्थ आहे. बिल अडवणं हे जनरल कंट्रोल नव्हे, ते अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल. आयएसए 315 या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकाच्या 2019 च्या सुधारित आवृत्तीत त्याला माहिती-प्रक्रियेवरचं नियंत्रण म्हटलंय. मात्रा_वेलांटी विचारतात तो ‘विशेष’ हाच: एका कामापुरता, एका प्रकारच्या नोंदींपुरता. आणि ‘सामान्य’ म्हणजे अशी सगळी विशेष नियंत्रणं ज्याच्यावर उभी असतात ते. प्रणालीत कोणाला काय करता येतं, प्रोग्रॅम आणि सेटिंग कोण कसं बदलतो, बिघाड झाला तर सगळं परत उभं राहतं का.

माझ्या एका कामातली गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही. तिथे नियम होता की बिल खरेदी आदेशापेक्षा 2 टक्क्यांहून जास्त असेल तर प्रणालीने ते अडवायचं. वर्षाच्या अकराव्या महिन्यात आम्ही चाचणीच्या प्रतीवर 3 टक्के जास्तीचं एक बिल टाकलं. अडलं. स्वयंचलित नियंत्रणाला एक नमुना पुरतो असं आपण म्हणतो, कारण यंत्र पहिल्या बिलाला वागतं तसंच हजाराव्याला वागतं. पण त्या एका नमुन्याने सिद्ध काय झालं? त्या दिवशी मर्यादा 2 होती, एवढंच. आधीच्या दहा महिन्यांबद्दल तो नमुना काहीच बोलत नाही. ते बोलतात बदलांवरची आणि प्रवेशावरची नियंत्रणं.

आता बदलांकडे येतो, कारण आमची चूक तिथे होणार होती. बदल-विनंत्यांच्या नोंदवहीत 42 विनंत्या होत्या. त्यातल्या 25 निवडल्या. प्रत्येकीला मंजुरी, चाचणीचा पुरावा, वरिष्ठाची सही, सगळं जागेवर. सहकारी म्हणाला, झालं. पण नोंदवहीतून उचललेला प्रत्येक बदल मंजूर निघणारच, मंजुरीसाठीच तो तिथे लिहिलेला असतो! न विचारता झालेला बदल नोंदवहीत सापडेल कसा? म्हणून उलटीकडून निघावं लागतं. चालू प्रणालीने स्वतः ठेवलेला बदलांचा इतिहास काढायचा आणि त्यातल्या बदलाची विनंती नोंदवहीत शोधायची.

इतिहासात 44 बदल होते. दोन अनाथ निघाले. पाचव्या महिन्याच्या 10 तारखेला मर्यादा 2 वरून 10 झाली होती आणि सहाव्या महिन्याच्या 21 तारखेला परत 2. सहा आठवडे दार उघडं होतं.

ओळीमधली
म्हणजे एकच बिल तपासून ‘नियंत्रण वर्षभर चाललं’ असं लिहिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. माझ्या अहवालातही ‘पॉप्युलेशन बदलाच्या इतिहासातून घेतले’ असं वाक्य आहे. ते मला आत्ता कळलं. (आधीच्या अनुवादकाने तिथे ‘लोकसंख्या’ लिहिलं होतं.)

मात्रा_वेलांटी
संख्याशास्त्रात त्याला ‘समष्टी’ म्हणतात. पण हिशेबवाल्यांसाठी ‘पूर्ण यादी’ लिहा. ‘पूर्ण’ यातच मेख आहे असं दिसतंय.

दुसरी_पाळी
आमच्याकडेही सामान्य नियंत्रणांवरून ताशेरे आले होते म्हणून लिहिते. आम्हाला वाटलं पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा, त्याबद्दल असेल. तर तसं नव्हतं. नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं खातं 19 दिवस चालूच होतं. लेखापरीक्षकांनी मनुष्यबळ विभागाकडून वर्षात सोडून गेलेल्यांची यादी घेतली आणि प्रणालीतल्या चालू खात्यांशी ताडून पाहिली. आम्ही म्हटलं, त्याने काही केलं नाही ना, मग? त्यांनी शेवटच्या लॉगिनची तारीख पाहिली. ती तो गेल्याच्या आधीची होती. तरी ताशेरा राहिलाच. हे बरोबर आहे का? शब्दाशी संबंध नसेल तर माफ करा.

ताळेबंद
शब्दाशीच संबंध आहे. शेवटचं लॉगिन आधीचं, म्हणजे त्या खात्यातून नुकसान झालं नाही. नियंत्रण मात्र फसलंच. एकोणीस दिवसांत कोणी आत आलं नाही हा योगायोग, आणि पुढच्या खात्याच्या बाबतीत तो घडेलच असं नाही. ‘नियंत्रण चाललं नाही’ आणि ‘चूक झाली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अहवालात ती एकात मिसळू देऊ नका.

माझ्या गोष्टीत हाच प्रश्न आला. ते दोन्ही बदल `support1` या खात्यावरून झाले होते. देखभालीचं खातं, पासवर्ड तिघांना माहीत. हिशेबातल्यांनी सांगितलं की दर वाढल्यामुळे बिलं अडून राहत होती आणि कुणीतरी फोन केला होता. दोन दिवसांसाठी वाढवलेली मर्यादा सहा आठवडे राहिली. बदल कोणी केला, हे खातं सामायिक असल्यामुळे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रवेश आणि बदल हे अहवालात दोन परिच्छेद असतात, प्रत्यक्षात ते एकच भोक होतं.

मग त्या सहा आठवड्यांतली सगळी 318 बिलं आदेशांशी हाताने जुळवली. 11 बिलं 2 टक्क्यांच्या वर होती. नऊंना दरवाढीचं पत्र होतं. दोनांना काहीच नव्हतं.

मात्रा_वेलांटी
‘विश्वास ठेवणे’ का खटकतं ते आता सांगता येईल. विश्वास माणसाच्या सचोटीवर असतो, आणि इथे कुणाच्या सचोटीवर आक्षेप नाही. तुम्हाला हवा आहे ‘विसंबणे’. विसंबतो तो स्वतःचे कष्ट कमी करतो. ताळेबंद प्रणालीवर विसंबले असते तर त्यांनी 318 बिलं हाताने पाहिली नसती. विसंबता आलं नाही म्हणून पाहिली.

ओळीमधली
‘विसंबणे’ घेतला! ‘भिस्त ठेवणे’ही मनात होता, पण त्यात काम कमी होण्याची छटा नाही.

स्क्रिप्टवाला
माझं एक वाक्य मागे घेतो, प्रोग्रॅम एकदा तपासला की झालं हे. पण सगळंच मागे घेत नाही. इतिहासात दिसतंय की ते सहा आठवडे सोडून मर्यादा 2 च होती. मग उरलेल्या साडेदहा महिन्यांसाठी विसंबायला काय हरकत? बदलांवरचं नियंत्रण फसलं असेल, पण इतिहास हाच पुरावा आहे.

ताळेबंद
हरकत अशी की इतिहास नोंदवणं बंद करण्याचा अधिकारही `support1` कडे होता. नोंद मधे थांबवून परत सुरू केली असती तर दिसलं असतं का, हे आम्ही तपासलं. थांबवल्याची वेगळी नोंद दुसऱ्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे `support1` ला प्रवेश नाही. तिथे काही आढळलं नाही, म्हणून आमच्या वरिष्ठांनी उरलेल्या काळासाठी विसंबायला मान्यता दिली. मला आजही ते पूर्ण पटलेलं नाही. त्या दुसऱ्या सर्व्हरचा प्रवेश आम्ही फक्त वर्षअखेरीला पाहिला होता.

स्क्रिप्टवाला
आणि बॅकअप? तुम्ही त्याचं नावच घेतलं नाही. आमच्यात तोच सगळ्यात मोठा.

ताळेबंद
तुमच्यासाठी मोठा, कारण तुम्हाला प्रणाली उभी ठेवायची असते. आकड्यांवर विसंबण्याच्या दृष्टीने वर्षात एकदाही डेटा परत आणावा लागला नसेल तर त्याचं वजन कमी पडतं. परत आणला असेल तर मात्र तो दिवस नीट पाहायचा: कुठल्या तारखेची प्रत, मधल्या नोंदी परत कोणी भरल्या, व्हाउचरचे क्रमांक सलग आहेत का.

दुसरी_पाळी
आमच्याकडे रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश यायचा. डिस्क गेल्यावर कळलं की नव्याने जोडलेल्या शाखेचं फोल्डर त्यात कधी घातलंच नव्हतं. संदेश खोटा नव्हता, जेवढं सांगितलं तेवढं यशस्वी होत होतं.

मात्रा_वेलांटी
म्हणजे ‘बॅकअप घेतला’ आणि ‘परत आणून पाहिला’ अशी दोन क्रियापदं अहवालात वेगळी हवीत.

ओळीमधली
आत्ता असं लिहिलंय: ‘प्रणालीतील सर्व स्वयंचलित तपासण्या ज्यांवर अवलंबून आहेत अशा सर्वसाधारण नियंत्रणांची (प्रवेश व बदल) चाचणी केली. पाचव्या व सहाव्या महिन्यात ती परिणामकारक नव्हती. त्या काळासाठी प्रणालीवर विसंबता आले नाही.’ पहिल्या उल्लेखात व्याख्याच घातली, म्हणजे परिशिष्टात जाणार नाही.

ताळेबंद
‘त्या काळासाठी’ हे तुमच्या मूळ अहवालात आहे का? `support1` सारखं सामायिक खातं तुमच्याकडेही असेल तर प्रवेशाचं नियंत्रण दोनच महिने नाही, वर्षभर फसलेलं आहे. मूळ मजकूर एकदा पाहून घ्या.

ओळीमधली
पाहिलं. मूळ वाक्यात काळच दिलेला नाही. तो मी तुमच्या गोष्टीतून घातला. काढते, आणि लेखापरीक्षकांना विचारते.