धाकानं लेकरू घडतं का बिघडतं?

परभणीकर: पोरगं आठवीत आहे. मोबाईल रात्री नऊला बंद. उलटून बोललं तर त्या दिवशी मी त्याच्याशी बोलत नाही. पुण्याची बहीण म्हणते, ही हुकूमशाही आहे, यानं मूल दबतं, अमेरिकेत सिद्ध झालंय. खरंय का?

मांजराकाठ: काही दबत नाही. सगळा लातूर पॅटर्न धाकावरच उभा आहे.

निवृत्त मास्तरीण: बहीण म्हणते ते मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांच्यापासून आलंय. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत त्यांनी बालवाडीतली मुलं पाहिली. शिस्त कडक, पण कारण सांगणारे आणि ऐकून घेणारे आईबाप असतील तर मुलं जास्त स्वावलंबी दिसली. 'मी सांगतो म्हणून' म्हणणाऱ्यांची कमी. पण ती घरं बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय होती. पुढं प्रश्नावली भरून घेतली, तर अमेरिकेतल्याच आशियाई घरांत हुकूमशाहीचे गुण जास्त भरले, तरी पोरांचे मार्क चांगले. हे कोडं रूथ चाओ यांनी १९९४ साली उलगडायला घेतलं. चिनी भाषेत 'ग्वान' शब्द आहे: वचक ठेवणं आणि जीव लावून सांभाळणं, दोन्ही त्यातच. प्रश्नावली त्यातला वचक तेवढा मोजते. 'मुलांनी मोठ्यांचं ऐकलंच पाहिजे' यावर तुम्ही 'पूर्ण सहमत' अशी खूण कराल. गोऱ्या अमेरिकन घरात त्या खुणेमागं बऱ्याचदा दुरावा असतो. तुमच्याकडं परीक्षेच्या रात्री बाप पोराशेजारी जागत बसलेला असू शकतो. गुण मात्र दोघांना सारखेच.

मांजराकाठ: मग मी तेच म्हणायलोय की! आपल्यात सगळेच मारतात, पोरांना त्याचं काही वाटत नाही.

निवृत्त मास्तरीण: अर्धंच बरोबर. २००५ साली जेनिफर लॅन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांचा सहा देशांतल्या मायलेकरांचा अभ्यास आला, भारतही त्यात होता. मार जिथं सर्रास चालतो तिथं त्याचा आक्रमकपणाशी, चिंतेशी संबंध सौम्य दिसला, पण पुसला गेला नाही. आता यात आधी मार का आधी खोड्या, हे एकदाच विचारून ठरत नाही, ते वेगळं. आणि लातूरचं म्हणाल तर, अर्ध्यातून गावाकडं परतलेली पोरं तुम्ही मोजली का?

बीडची माय: आम्ही दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातो, सहा महिने लेकरू आजीपाशी. मी फोनवर रागावते, आजी मागून गूळ देती. मंग आम्ही कोणत्या खान्यात?

निवृत्त मास्तरीण: बाई, बहुतेक प्रश्नावल्यांत आजीला खानाच नसतो. परभणीकर, मोबाईलचा नियम राहू द्या. खटकतो तो अबोला. नियमानं पोराच्या वागण्याला बांध पडतो, अबोल्यानं माया अडकवून ठेवली जाते. संशोधकही या दोन गोष्टी वेगळ्या धरतात.

परभणीकर: आमचे अण्णा दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. मी त्यानंच सुधारलो, असं मला अजून वाटतं.

मांजराकाठ: बघा!

बीडची माय: अन् आता बोलता का अण्णांशी?