स्लिप गेजच्या ‘रिंगिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मोजपट्टी: आयटीआयच्या मुलांसाठी स्लिप गेजवर, म्हणजे अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांवर, टिपण लिहिते आहे. हे ठोकळे एकमेकांना घट्ट चिकटवून हवी ती उंची जुळवतात, त्या चिकटवण्याला ‘रिंगिंग’ म्हणतात. शब्दकोशात ‘पिळणे’ सापडलं. ते वाचून मुलं गेज पिरगाळत बसतील. तुमच्याकडे काय म्हणतात?

टूलरूम: आम्ही ‘रिंगिंग’च म्हणतो. नव्या पोराला सांगताना ‘सरकवून बसव’. त्यात कृतीही येते. दोन्ही गेज पेट्रोलनं धुऊन शामॉय कातड्यानं पुसायचे, एकमेकांवर आडवे ठेवायचे, हलक्या दाबानं थोडं सरकवायचं आणि काटकोनात फिरवून कडा जुळवायच्या. नीट बसला की हाताला ओढ जाणवते.

मोजपट्टी: उदाहरणाला २०० मिमीचा साइन बार घेतलाय, म्हणजे एका टोकाखाली गेज ठेवून कोन लावायची पट्टी. कोन साडेबारा अंश, म्हणजे गेजची उंची ४३.२८८ मिमी. मी १.००८, १.२८, १ आणि ४० घेतले.

टूलरूम: बेरीज बरोबर आहे. शेवटचा आकडा आधी संपवलात हेही योग्य. पण दोन्ही टोकांना २ मिमीचे प्रोटेक्टर लावा. सरफेस प्लेट आणि रोलर यांच्याशी होणारी झीज त्यांच्यावर जाते, बाकीचा सेट वाचतो. त्यांचे ४ वजा केले की ३९.२८८ उरतात: १.००८, १.२८, ७ आणि ३०. आधी जाड गेज जोडा, मग त्यावर पातळ. पातळ गेज सुटा दाबला तर वाकतो.

शब्दवेल्हाळ: मग ‘निर्वात जोड’ म्हणा. मधली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा दाबून धरते ना?

टूलरूम: हवेचा हातभार आहे, पण जोड निर्वातातही टिकतो. दोन सपाट पृष्ठांचं रेणूंमधलं आकर्षण आणि तेल किंवा ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर, ही मुख्य कारणं धरतात. कुणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. त्या नावानं मुलांच्या डोक्यात चुकीचं कारण बसेल.

चाकणकर: आमचा १.२८ बसतच नाही. तेल जास्त लावून जोरात दाबू का?

टूलरूम: अजिबात नको! सरकवताना खरखर लागली तर तिथेच थांबा. कडेला बर, म्हणजे धातूचा वर आलेला कंगोरा, असणार किंवा धूळ अडकली असणार. तसंच घासलंत तर दुसऱ्या गेजवरही ओरखडा येईल. पुन्हा धुऊन पाहा. मग गेजवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काच, ठेवा आणि त्यातून दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या पाहा. पट्ट्या एका जागी वाकड्या झाल्या तर तिथे उंचवटा आहे. तो गेजसाठीच्या खास दगडावर हलकेच उतरवतात, पॉलिश पेपरनं नाही. तरीही बसला नाही तर गेज बाजूला काढा.

चाकणकर: आमच्याकडे जोडलेला संच रात्रभर तसाच असतो.

टूलरूम: काम झालं की लगेच सरकवून सोडवा, उपसून नको. फार वेळ जोडलेले राहिले तर सुटता सुटत नाहीत, पृष्ठ खराब होतं. मग पुसून गंजरोधक तेल लावा. आणि हातात धरून ठेवू नका: ५० मिमीचा पोलादी गेज एका अंशानं तापला तरी अर्ध्या मायक्रॉनहून जास्त वाढतो.

शब्दवेल्हाळ: ‘सरकजोड’ कसा वाटतो?

मोजपट्टी: नामाला चालेल. क्रियापद मात्र ‘सरकवून बसवणे’च ठेवते, आणि पहिल्यांदा ‘रिंगिंग’ही लिहिते.

टूलरूम: ‘सरकजोड’ शॉपमध्ये कुणी म्हणेल असं मला वाटत नाही.