गटाराचा तळ बाहेरून बाहेर मोजा

> आत 600 रुंद, 750 खोल, जाडी 150 मिमी. काँक्रीट मीटरला 0.315 घनमीटर बरोबर का?

कमी आहे. भिंतींचे 0.225 ठीक, पण तळ तुम्ही आतला 600 धरलात. भिंती तळावर उभ्या आहेत, म्हणून तळ 900 रुंद: 0.135. एकूण 0.36. शंभर मीटरला साडेचार घनमीटरचा फरक! मागे दादरच्या कामावर मीही हेच केलं, शेवटचा तुकडा दुपारभर काँक्रीटच्या गाडीची वाट बघत राहिला.

सळई एकेरी जाळी असेल तर: 10 मिमीचा यू आकाराचा तुकडा 2.4 मीटर, दर 150 मिमीवर एक, मीटरला सुमारे 10 किलो. आडव्या 8 मिमीच्या बारा, पावणेपाच किलो. जोड वेगळे.

खाली डबर 1.1 मीटर रुंद, 150 जाड: 0.165 घनमीटर.