मदत हवी आहे: दोन फौंड्री कंपन्या, पीई ७ आणि साडेदहा. स्वस्त कोणती?

पंचगंगाकाठ
दोन लिस्टेड फौंड्री कंपन्या बघतोय. नावं देत नाही, दिली की धागा भलतीकडे जातो. 'अ' चा भाव ७५, पीई ७, म्हणजे भाव शेअरमागच्या नफ्याच्या सातपट. 'ब' चा भाव ५००, पीई साडेदहा. धंदा सारखाच, ट्रक-ट्रॅक्टरचे भाग. मला 'अ' सरळ स्वस्त दिसते. ऑफिसातला एक जण म्हणतो, ईव्ही, म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू, अख्ख्या धंद्याची किंमत, काढल्याशिवाय हात लावू नकोस, पण का ते नीट सांगत नाही. उद्या सकाळी ऑर्डर टाकायची आहे, तेव्हा मुद्द्याचं सांगा प्लीज.

जुना_हिशेबनीस
शेअर किती आहेत? कर्ज किती, रोकड किती, व्याज-घसारा-कर जाण्याआधीचा नफा, म्हणजे एबिटडा, किती? नुसत्या भावावरून काहीच सांगता येणार नाही.

सातारी_ट्रेडर
पीई ७ ची कंपनी या बाजारात मिळते कुठे? घेऊन टाका. ईव्हीचं एवढं काही नाही. मार्केट कॅपमध्ये कर्ज मिळवलं की झाली ईव्ही. मी चार्ट बघतो, २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

पंचगंगाकाठ
घ्या आकडे, सगळे कोटीत. 'अ': ४ कोटी शेअर म्हणजे मार्केट कॅप ३००, कर्ज ४००, रोकड २०. 'ब': २ कोटी शेअर, मार्केट कॅप १०००, कर्ज शून्य, रोकड १००. एबिटडा दोघींचा १५०, घसारा ३०. म्हणजे 'अ' ची ईव्ही ६८० आणि 'ब' ची ९००. एबिटडाच्या साडेचार पट आणि सहा पट. इथेही 'अ' च स्वस्त! मग प्रश्न मिटला ना?

मीनल_ठाणे
माझ्याकडे एका खाजगी बँकेचे शेअर आहेत. तिच्या ठेवी कर्जात धरल्या तर ईव्ही अवाढव्य येते. विकून टाकू का?

जुना_हिशेबनीस
मीनलताई, बँकेला ही पट्टी लावूच नका. ठेवी हा बँकेचा कच्चा माल, आणि व्याज हा तिच्या धंद्याचाच खर्च. तिथे भावाची पुस्तकी मूल्याशी तुलना करा. विकायचं की नाही, ते यावरून ठरत नाही.

पंचगंगाकाठ, 'अ' ने वर्षभरात व्याज किती भरलं?

पंचगंगाकाठ
६२ कोटी. त्याचा इथे काय संबंध?

जुना_हिशेबनीस
४०० कोटींवर ६२ कोटी व्याज म्हणजे साडेपंधरा टक्के. चालू धंद्याच्या फौंड्रीला बँका या दराने कर्ज देत नाहीत. म्हणजे बाकीचं कर्ज तुमच्या नजरेतून सुटलंय. ताळेबंदात 'बॉरोइंग्ज' दोन ठिकाणी असतात, एकदा दीर्घ मुदतीच्या देण्यांत आणि पुन्हा चालू देण्यांत. दुसऱ्या ठिकाणी कॅश क्रेडिट असतं, आणि मुदत कर्जाचे येत्या वर्षात फेडायचे हप्तेही तिथेच दाखवतात. तो आकडा बघा.

पंचगंगाकाठ
खाली आणखी २२० आहे. पण ते तर रोजच्या मालासाठीचं, तेही धरायचं?

जुना_हिशेबनीस
धरायचं. व्याज लागतं ते सगळं धरायचं. आता कर्ज ६२०, रोकड वजा जाता ६००. ईव्ही ९००. 'ब' ची १००० उणे १०० म्हणजे तीही ९००. एबिटडा सारखा, म्हणून दोघीही सहा पटीला. बाजाराने दोन्ही धंद्यांची किंमत एकच लावली आहे. ७५ आणि ५०० यांतला फरक धंद्याचा नाही, पैसा कोणी घातला त्याचा आहे. 'ब' मध्ये सगळा भागधारकांचा, 'अ' मध्ये दोन तृतीयांश बँकांचा.

मग 'अ' चा पीई कमी का? कारण बँकांचं देणं आधी, तुमचं नंतर, आणि ती जोखीम बाजार भावातून कापून घेतो. ट्रकची मागणी पडली आणि एबिटडा १५० वरून १०० वर आला असं धरा. 'अ' मध्ये घसारा ३० आणि व्याज ६२ गेल्यावर उरतात ८ कोटी, करानंतर ६. आज तो नफा साधारण ४३ आहे. 'ब' चा नफा, रोकडीवरचं व्याज धरून, ९५ वरून ५८ वर येईल. आणि बाजाराने तेव्हाही सहाच पट दिली तर धंद्याची किंमत ६००. 'ब' च्या भागधारकाला रोकड धरून ७०० उरतात. 'अ' मध्ये ६०० बँकांचेच. भाव अगदी शून्यावर जाणार नाही, पण दिशा कळली ना?

सातारी_ट्रेडर
रोकड वजा करणं मला पटत नाही. पगार, वीजबिल, भंगाराची खरेदी, याला रोकड लागतेच. ती काय विकणाऱ्याच्या खिशात असते?

जुना_हिशेबनीस
कंपनी अख्खी विकत घेणाऱ्याच्या हातात तिजोरीही येते, म्हणून वजा करतात. घर घेताना कपाटात दागिने मिळाले तर घराची खरी किंमत तेवढी कमीच पडली. पण धंदा चालवायला लागणारी रोकड मोकळी नसते, हा तुमचा मुद्दा खरा आहे. 'ब' च्या १०० पैकी किती मोकळी, ते टिपांत बघावं लागेल. गॅरंटीपोटी बँकेत अडकलेल्या ठेवी असतील तर त्या मी वजा करत नाही. आणि रोकड वजा केली की तिच्यावरचं व्याज एबिटडात धरायचं नाही, नाहीतर एकच पैसा दोनदा मोजला जातो.

सातारी_ट्रेडर
मोकळी किती हे कंपनी कधीच सांगत नाही, म्हणून मी अजिबात वजा करत नाही. आणि २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन एस्सार घेतली, तेव्हा पेपरात १८.८ अब्ज डॉलर छापून आले होते, प्रत्यक्षात द्यायचे ठरले ११.१. असले फुगवलेले आकडे आहेत हे.

जुना_हिशेबनीस
त्यात फुगवलेलं काही नाही. ११.१ अब्ज हे ६७ टक्के हिश्श्याचे. त्या भावाने अख्ख्या कंपनीचं भागभांडवल साडेसोळा अब्जांच्या आसपास पडतं, आणि वर कर्ज होतं साधारण दोन अब्जांचं. १८.८ ही अख्ख्या धंद्याची किंमत होती. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे.

नाशिकचा_अण्णा
गृहकर्ज लवकर फेडावं की एसआयपी करावी? माझा दर साडेआठ आहे.

सातारी_ट्रेडर
अण्णा, वेगळा धागा काढा.

पंचगंगाकाठ, हिशेबनीस एक गोष्ट विसरतायत. 'अ' ने कर्ज नव्या भट्टीसाठी काढलं असेल तर कर्ज आज दिसतं, त्यातून येणारा नफा अजून दिसत नाही. मग सहा पट हा आकडाच चुकीचा.

पंचगंगाकाठ
बघितलं. 'कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस' मध्ये, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या कामात, १८० कोटी आहेत. ते वजा केले तर ईव्ही ७२०, म्हणजे पाच पटीच्याही खाली. मग काय, परत 'अ' स्वस्त?

जुना_हिशेबनीस
सातारकरांचा हा मुद्दा बरोबर आहे. चालू धंद्याची तुलना करताना ते १८० बाजूला काढता येतात, पण भट्टी खरंच सुरू होणार असेल तरच. किती वर्षं काम चालू आहे त्याचा तक्ता ताळेबंदाच्या टिपांत असतो. बहुतेक रक्कम तीन वर्षांहून जुनी असेल तर मी एक रुपयाही वजा करणार नाही. वर्षाच्या आतली असेल तर ऑर्डर कुणाची आहे ते वार्षिक अहवालात शोधा.

पंचगंगाकाठ
तक्ता सापडला. १८० पैकी ७० एका वर्षाच्या आतले, ११० एक ते दोन वर्षांतले. सुरू कधी होणार ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्याची ऑर्डर टाकत नाही, तिमाही निकालानंतरच्या कॉलमध्ये हे कुणी विचारलंय का ते वाचतो. कुणाला कॉलच्या नोंदी पटकन कुठे मिळतात माहीत आहे का?

मीनल_ठाणे
एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या नावाखाली घोषणांमध्ये असतात. आणि हिशेबनीस, बँकेचं पुस्तकी मूल्य काढताना बुडीत कर्ज वजा करायचं का, तेही सांगा ना.