प्रोमो क्लिपमधलं 'जर-तर' कापायचं की ठेवायचं?

धडाकेबाज:
सव्वा तासाच्या वेबिनारमधून प्रोमो क्लिप काढायला लोक आठवडा घालवतात, कशाला? सगळ्यात जोरदार वाक्य उचला, पहिल्या तीन सेकंदात ठोका, शेवटी 'आत्ताच नोंदणी करा, जागा मर्यादित' चिकटवा, संपलं. जर-तर, पण, मात्र सगळं उडवा. ज्यांना जर-तर हवंय ते सेशनला येतीलच की. नमुना म्हणून आमच्या कुंडीतल्या झाडांच्या सेशनची क्लिप बघा, सुरुवातच अशी: "पानं पिवळी पडली? पाणी बंद करा!"

कात्री:
ही क्लिप बघून डोकंच फिरलं म्हणून लांबण लावतोय. मूळ सेशन मी पाहिलंय. ४१व्या मिनिटाला बाई जे बोलल्या ते असं होतं: "पानं पिवळी दिसली की आपण घाबरून पाणी घालतो. पण मघाशी ड्रेनेजमध्ये बघितलं तसं, आधी मातीत बोट घाला, दोन पेरं. आत ओलं लागलं तर पाणी बंद करा. मुळांना हवा मिळत नाहीये, ती कुजायला लागलीत, म्हणून पानं पिवळी. कोरडं लागलं तर मात्र तहान आहे, सावकाश पाणी द्या." यातले तीनच शब्द तुम्ही उचललेत आणि पुढे स्वतःचा प्रश्न जोडलात. ज्याची कुंडी खडखडीत कोरडी आहे तोही आता पाणी बंद करणार. ते जर-तर म्हणजे नखरे नाहीत हो, सल्लाच तेवढा आहे.

आणि आठवडा लागत नाही. वेळेसकट ट्रान्सक्रिप्ट घ्यायचं आणि 'हे', 'ते', 'मघाशी', 'पुढच्या स्लाइडवर' असं जिथे जिथे येतं तिथे खूण करायची. जिथे खुणा कमी तो तुकडा एकटा उभा राहतो. इथे खूण एकच आहे, 'मघाशी ड्रेनेजमध्ये बघितलं तसं', तेवढं काढलं की काम झालं. मी अशी लावली असती:

० ते ४ सेकंद, बाईंचा चेहरा: "पानं पिवळी दिसली की आपण घाबरून पाणी घालतो."
४ ते १२, मातीत बोट घातल्याचं चित्र: "आधी मातीत बोट घाला, दोन पेरं. आत ओलं लागलं तर पाणी बंद करा."
१२ ते १९, परत चेहरा: मुळांना हवा मिळत नाही ते वाक्य.
१९ ते २४: "कोरडं लागलं तर मात्र तहान आहे, सावकाश पाणी द्या."
२४ ते ३२, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज: "कुजलेली मुळं छाटून तेच झाड परत कसं लावायचं, ते सेशनमध्ये करून दाखवणार आहोत. नोंदणीची लिंक प्रोफाइलमध्ये."

बोटाचं चित्र हौस म्हणून नाही. तिथे मधलं वाक्य कापलंय, चेहरा तसाच ठेवला तर मान टुणकन उडालेली दिसते. आणि तारीख बोलायची नाही, शेवटच्या पाटीवर लिहायची, म्हणजे पुढच्या सेशनला फक्त पाटी बदलायची.

धडाकेबाज:
वा, मास्तर. पण पहिल्या चार सेकंदात तुमच्याकडे आहे काय? 'आपण घाबरून पाणी घालतो.' बरं, घालतो, मग? अंगठा पुढे सरकला सुद्धा. कितीतरी लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांना तर एक बाई बोलताना दिसणार. माझ्या क्लिपचे व्ह्यूज बघा आणि मग शिकवा.

कात्री:
हुक मिळमिळीत आहे, हे एक तुमचं बरोबर, घ्या. पण त्यासाठी बाईंच्या तोंडी नसलेलं कशाला घालायचं? स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'पान पिवळं? पाण्याला हात लावू नका, आधी माती बघा' लिहा, आवाज त्यांचाच राहू दे. फक्त ती पाटी अगदी खाली लावू नका, तिथे ॲपची बटणं आणि प्रोफाइलचं नाव येतं, निम्मं वाक्य झाकलं जातं.

सहज_आले:
माझ्या झाडाची फक्त नवीन पानं पिवळी पडतायत, शिरा हिरव्याच आहेत, माती धड ओली नाही धड कोरडी नाही. पाणी बंद करू का चालू ठेवू?

मातीत_हात:
ताई, हा धागा क्लिपचा आहे. पण तुमचं लक्षण बहुधा लोह कमी पडल्याचं आहे, पाण्याचा थेट संबंध नाही. बाकी कात्रीसाहेब, बघितलंत का? तुमच्या 'पूर्ण' सल्ल्यातसुद्धा हे नाहीच. ३२ सेकंदात सगळी पिवळी पानं बसत नाहीत, मग उगाच सोवळं कशाला?

कात्री:
सगळी बसवायची नाहीतच. बाई जेवढं बोलल्या त्याचा अर्थ उलटा होऊ नये, इतकंच म्हणतोय.

मागच्या_बाकावरची:
अट राहू द्या बाजूला. याच सेशनच्या दुसऱ्या क्लिपमध्ये प्रश्न विचारणारी मी आहे. माझा आवाज, खाली चौकटीत माझं पूर्ण नाव, आणि मागे वाळत घातलेले कपडे! मला कुणी विचारलं? ऑफिसातल्या माणसाने पाठवली तेव्हा कळलं.

धडाकेबाज:
जॉइन होतानाच रेकॉर्डिंग सुरू असल्याची सूचना येते. तुम्ही ओके केलं होतंत.

मागच्या_बाकावरची:
ओके रेकॉर्डिंगला केलं होतं, तुमच्या जाहिरातीत काम करायला नाही! रेकॉर्डिंग बाकीचे नोंदणीवाले बघतील इतकंच मला माहीत होतं. आणि त्यात माझा प्रश्न पण अर्धा कापलाय, मी बावळटासारखी 'म्हणजे पाणी घालायचंच नाही?' एवढंच म्हणते.

मातीत_हात:
एवढं काय, कपडेच होते ना.

मागच्या_बाकावरची:
तुमचे टाका मग.

कात्री:
यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. प्रश्नोत्तरात क्लिपजोगे तुकडे खूप सापडतात, कारण तिथे उत्तर आपोआप एकटं उभं राहतं, म्हणून सगळे तिथेच जातात. पण विचारणाऱ्याचा आवाज लागतच नाही. वक्त्याला आधीच सांगून ठेवायचं की प्रश्न स्वतःच्या तोंडून परत म्हणा आणि मग उत्तर द्या. ते राहिलं असेल तर प्रश्न पाटीवर लिहा, नावाशिवाय. तरीही आवाजच हवा असेल तर आधी त्या माणसाला क्लिप दाखवून विचारा.

धडाकेबाज:
म्हणजे एका क्लिपसाठी आता सह्या गोळा करत फिरायचं. माझ्याकडे महिन्याला ढीगभर सेशन्स येतात हो, क्लायंटला उद्या सकाळी क्लिप हवी असते आणि पैसे एडिटिंगचे देतो, संमतीपत्रांचे नाही.

मागच्या_बाकावरची:
तो तुमचा आणि तुमच्या क्लायंटचा प्रश्न. माझी क्लिप कधी काढताय?

आकडेमोड:
मुद्द्यावर येऊ का? व्ह्यूज कशाला मोजताय दोघं? क्लिप नोंदणीसाठी होती ना. दोन्ही क्लिपना वेगळ्या लिंक द्या, शेवटी `utm_content=bandkara` आणि `utm_content=aadhimati` असं काहीतरी जोडा, म्हणजे कुठल्या क्लिपवरून किती नोंदण्या आल्या ते कळेल. दोन्ही एकाच दिवशी नका टाकू, प्रोफाइलवरच्या एकाच लिंकवर सगळे आले तर कुणामुळे आले ते कळणार नाही. आणि नोंदणी करून प्रत्यक्षात आले किती तेही बघा. 'पाणी बंद करा' बघून ज्याला उत्तर मिळालं असं वाटलं तो कशाला येईल?

धडाकेबाज:
किंवा उत्सुकतेने येईल. तुम्हाला काय माहीत?

आकडेमोड:
नाहीच माहीत, म्हणून तर मोजा म्हणतोय. आणि ते 'जागा मर्यादित' खरं आहे का?

धडाकेबाज:
प्लॅनमध्ये मर्यादा असतेच.

आकडेमोड:
असते. भरली होती का कधी?

धडाकेबाज:
बरं बाबा, 'जागा मर्यादित' काढतो, मुळं छाटायचं वाक्य घालतो, खूश? बोटाचं चित्र मात्र घालणार नाही, माझ्याकडे तसलं फुटेजच नाहीये.

कात्री:
फोनवर दहा सेकंद काढा, बोट तुमच्याकडे आहेच.

मागच्या_बाकावरची:
आणि माझी क्लिप?

धडाकेबाज:
क्लायंटला विचारून सांगतो.

मागच्या_बाकावरची:
आता बरं विचारता येतं तुम्हाला.