मदत हवी आहे: जीएम ट्यूबचा ग्राफ पुस्तकासारखा का येत नाही?

खानापूरची_पोर
एमएस्सीचं प्रॅक्टिकल आहे, कॉलेज बेळगावात. सीझियमचा सोर्स ठेवून व्होल्टेज वाढवत गेले, दर वेळी 30 सेकंद काउंट घेतले. 330 ला शून्य, 360 ला 1480, 420 ला 1902, 480 ला 1958, 540 ला 2020 आणि 570 ला एकदम 2410. पुस्तकात आधी पुनर्संयोग, मग संपृक्तता, मग प्रमाणी भाग दाखवलाय. माझ्या ग्राफात ते कुठं गेले? 420 ते 540 हीच संपृक्तता ना? सोमवारी व्हायवा आहे.

निपाणीकर
होय की, तीच. सगळे आयन गोळा झाले की रेषा सपाट. 330 च्या खाली आयन परत एकमेकांना चिकटतात, म्हणून शून्य.

लॅबवाले_काका
निपाणीकर, आयन चेंबरला तुमचं पहिलं वाक्य बरोबर, इथं नाही. पोरी, पुस्तकातल्या ग्राफाचा उभा अक्ष बघ. तिथं एका पल्सचा आकार आहे, तुझ्याकडं पल्सची संख्या. 200 व्होल्टलाही आयन तारेपर्यंत पोचतात, पण एका बीटानं समजा 100 जोड्या केल्या आणि 50 पिकोफॅरडवर गोळा झाल्या, तर पल्स येतो 0.3 मायक्रोव्होल्टचा. काउंटरला तो दिसतच नाही. व्होल्टेज वाढवल्यावर त्याच 100 च्या 100 कोटी जोड्या झाल्या की पल्स 3 व्होल्टचा. तुझ्या सपाट भागात पल्स मोठा होतच असतो, फक्त संख्या फारशी वाढत नाही.

एक्सरे_टेक्निशियन
आमच्या सर्व्हे मीटरची बॅटरी उतरली की बीमजवळ रीडिंग कमी येतं. हाच प्रकार का?

लॅबवाले_काका
तुमचं मीटर आयन चेंबरचं असेल तर तो पुनर्संयोग असू शकतो. व्होल्टेज कमी आणि किरणं दाट असली की आयन तारेपर्यंत पोचायच्या आत जुळतात. पण नुसतं इलेक्ट्रॉनिक्सही मंदावलेलं असेल, आधी बॅटरी बदलून बघा. या धाग्यातली गोष्ट वेगळी.

खानापूरची_पोर
काका, मग 570 ला काय झालं? आणि माझा प्लॅटो बरा आहे का?

लॅबवाले_काका
120 व्होल्टमध्ये 118 काउंट वाढले, म्हणजे मधल्या 1958 च्या 6 टक्के. 100 व्होल्टला 5 टक्के पडले. कॉलेजच्या ट्यूबला चालतंय. 570 ला एका कणामागं खोटे पल्स यायला लागले, विझवणारा वायू पुरा पडेना. पुढं सतत डिस्चार्ज. तिकडं जाऊ नकोस, ट्यूब मरते. 450 ते 480 वर काम कर. 540 ला सोर्स काढून काउंट घे, बॅकग्राउंड इतकाच यायला पाहिजे.

खानापूरची_पोर
घेतलाय की! 540 ला 30 सेकंदांत 61, 450 ला 19. सोर्स तर कपाटात होता.

लॅबवाले_काका
तिपटीच्या वर? मग प्लॅटो 540 पर्यंत धरू नकोस. ट्यूब जुनी आहे का? बाजूला नंबर असेल तर टाक.

खानापूरची_पोर
नंबर खरवडून गेलाय. लॅब असिस्टंट म्हणतात, ती त्यांच्या आधीपासून आहे.